‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोणी?

“रिजेक्शनचा प्रॉब्लेम होता. आम्ही टीमवर्कने तो बराच कमी केला.”

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत चालू आहे, असं समजा. उमेदवाराने दिलेलं हे उत्तर ऐकायला बरं वाटतं. बहुतेक ठिकाणी मुलाखत घेणारा मान हलवतो, कागदावर ‘टीमवर्क चांगलं’ असं लिहितो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण या उत्तरातून कळलं काय? रिजेक्शन कुणी कमी केलं, कसं केलं, किती कमी झालं, यातलं काहीच नाही. सगळं काम दुसऱ्याने केलं असेल आणि हा गृहस्थ शेजारी उभा असेल, तरी त्याला हेच वाक्य खोटं न बोलता म्हणता येतं.

अशा उत्तरावर थांबायचं नाही, एकेक छोटा प्रश्न विचारत प्रत्यक्ष कृतीपर्यंत आणि परिणामापर्यंत जायचं, ही मुलाखतीची एक रीतसर पद्धत आहे. तिचं एक मूळ दुसऱ्या महायुद्धातल्या विमानदलात सापडतं. १९४१-४२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात वैमानिकांचं प्रशिक्षण अर्धवट सोडावं लागलेल्या १,००० उमेदवारांची कागदपत्रं तपासली गेली. ते का नापास झाले, याची प्रशिक्षकांनी लिहिलेली कारणं होती ‘निर्णयशक्ती कमी’, ‘स्वभाव अयोग्य’, ‘पुरेशी प्रगती नाही’ अशी. त्यावरून पुढचा उमेदवार कसा निवडायचा हे कळणं शक्यच नव्हतं. तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या गटाचे प्रमुख जॉन फ्लॅनगन यांनी मग वेगळा रस्ता धरला. मत विचारायचं नाही, घडलेला प्रसंग विचारायचा. लढाईवरून परतलेल्या वैमानिकांना, उडताना दिशेचं भान सुटलं असा एखादा प्रसंग आठवायला सांगितलं गेलं आणि त्या वेळी काय दिसलं, काय ऐकू आलं, काय जाणवलं, ते विचारलं गेलं. त्या उत्तरांमधून कॉकपिट आणि उपकरणांच्या मांडणीत करायचे बदल हाती लागले. फ्लॅनगन यांनी ही पद्धत १९५४ मध्ये सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. पुढे सत्तरच्या दशकात हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तिला नोकरीच्या मुलाखतीचं रूप दिलं. आज मोठ्या कंपन्यांमध्ये उमेदवाराला ‘असा एखादा प्रसंग सांगा’ म्हणतात, तो याच परंपरेतला प्रश्न आहे.

प्रश्न मात्र सर्वांनी उचलला आणि त्यामागचा पाठपुरावा गळाला. म्हणून आपली मुलाखत पुढे नेऊ. प्रसंग उदाहरणासाठी रचलेला आहे, पण कारखान्यात नेहमी घडणारा आहे.

“ही गोष्ट साधारण कधीची?”

“मागच्या वर्षी मॅडम, पावसाळ्याच्या आधी.”

“कुठलं मशीन, कुठला पार्ट?”

“सीएनसी लेथवर बुश चालायचे. तीन मशीन होती. बाहेरचा व्यास मापाबाहेर जायचा. शंभरात चार-पाच पीस बाद.”

“मग काय झालं?”

“क्वालिटीने तक्रार केली, मीटिंग झाली, मग आम्ही लक्ष घातलं आणि कमी झालं.”

इथे उमेदवार पुन्हा धुक्यात शिरला आहे. ‘लक्ष घातलं’ ही कृती नाही. आणि ‘कमी झालं’ म्हणताना करणारा माणूसच वाक्यातून नाहीसा होतो. चांगला मुलाखतकार नेमका याच जागी थांबतो.

“मीटिंग संपली. तुम्ही खोलीतून बाहेर पडलात. तुम्ही स्वतः पहिलं काम काय केलंत?”

या प्रश्नानंतर बहुधा शांतता पसरते. ती भरून काढायची घाई करू नये. माणूस तेव्हा खरंच आठवत असतो.

“मी बाद मालाच्या पेटीपाशी गेलो. पीस सगळे एकत्र टाकलेले, त्यातून काही कळेना. म्हणून ऑपरेटरना सांगितलं, प्रत्येक बाद पीसवर मार्करने वेळ लिहा.”

“त्यांनी लिहिली?”

“दोघांनी लिहिली. तिसरा म्हणाला, हे क्वालिटीचं काम आहे. मग त्याच्या मशीनवर चार दिवस मीच दर तासाला जाऊन लिहिली.”

“काय दिसलं?”

“बहुतेक बाद पीस पहिल्या शिफ्टच्या पहिल्या तासातले. सोमवारी जास्त, कारण रविवारी मशीन बंद. थंड मशीनवरचा पहिला पीस मोजून ऑपरेटर ऑफसेट बदलायचा. मशीन तापलं की माप सरकायचं, की पुन्हा ऑफसेट.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“सेटरशी बोललो. सुरुवातीला वीस मिनिटं स्पिंडल मोकळं फिरवायचं आणि पाच पीस मोजल्याशिवाय ऑफसेटला हात लावायचा नाही, असं ठरवलं. मॅनेजरसाहेब आधी नाही म्हणाले, वीस मिनिटांचं उत्पादन जातं म्हणून. मी चार दिवसांचं टिपण दाखवलं. तेव्हा म्हणाले, एका मशीनवर आठवडाभर करून बघा.”

“आठवड्याने?”

“त्या मशीनवर शंभरात दोनपर्यंत आलं. बाकी दोन मशीनवर होतं तेवढंच.”

“पुढे टिकलं?”

“तिन्ही मशीनवर सुरू केलं. दोन-तीन महिन्यांनी नवा ऑपरेटर आला, त्याने वॉर्मअप टाळला, पुन्हा वाढलं. मग मशीनवर तक्ता लावला आणि शिफ्ट सुरू होताना सही घ्यायला लागलो.”

आता याला नोकरीवर घ्यायचं की नाही, यावर बोलायला काहीतरी हातात आहे. हा माणूस अंदाजाने मशीनला दोष देत बसला नाही, आधी नोंद केली. एक ऑपरेटर ऐकत नव्हता तेव्हा वाद न घालता काम स्वतः केलं. वरिष्ठांसमोर कागद ठेवला. आणि त्याने सांगितलेल्या परिणामाला तुलना आहे, कारण त्याच आठवड्यात बाकी दोन मशीनवर फरक पडला नव्हता. यातली एक कमकुवत बाजूही बाहेर आली. नव्या ऑपरेटरला ही पद्धत शिकवण्याची सोय त्याने आधी केली नव्हती. ‘टीमवर्क’ या उत्तरातून यापैकी काहीही दिसलं नसतं.

मुलाखतकाराचे प्रश्न पुन्हा वाचून पाहा. एकही प्रश्न हुशारीचा नाही. आधी त्याने प्रसंग एकाच ठिकाणी खिळवला, कधी आणि कुठे विचारून. मग घटनेच्या क्रमाने ‘पुढे काय केलंत’ एवढंच विचारत राहिला. शेवटी परिणाम काय झाला आणि टिकला का, हे विचारलं. ‘असं का केलंत?’ हा प्रश्न त्याने टाळला. त्या प्रश्नावर माणूस बचावाला उतरतो किंवा नंतर सुचलेलं तत्त्वज्ञान सांगतो. ‘तेव्हा तुम्हाला काय दिसत होतं?’ असं विचारलं की तेच कारण घटनेच्या भाषेत येतं.

सर्वांत मोठी चूक घडते ती उत्तर प्रश्नातच देण्याने. ‘मग तुम्ही ऑपरेटरना विश्वासात घेतलं असेलच ना?’ असं विचारलं की उमेदवार ‘हो, घेतलं ना’ म्हणणार. त्याला काय हवं आहे ते आपणच सांगून टाकलेलं असतं. ही भीती नुसती कल्पनेतली नाही. ज्युलिया लेवाशिना आणि मायकेल कँपियन या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाठपुराव्याच्या प्रश्नांमुळे उमेदवारांची बनवाबनवी कमी न होता वाढलेली दिसली. मुलाखतकाराचा रोख कळला की उत्तर त्या बाजूला वळवता येतं. शिवाय एका उमेदवाराला दहा उपप्रश्न आणि दुसऱ्याला दोन, असं झालं तर दोघांची तुलना न्याय्य राहत नाही. त्यामुळेच काही तज्ज्ञ उपप्रश्न मर्यादित ठेवायला सांगतात.

माझ्या मते या आक्षेपावर उपाय उपप्रश्न सोडून देणं हा नाही. त्यांची शिस्त पाळणं हा आहे. उपप्रश्न कोरे ठेवावेत, म्हणजे ‘पहिलं काय केलंत’, ‘कुणाशी बोललात’, ‘काय बोललात’, ‘किती’, ‘कशावरून’. हेच पाच-सहा प्रश्न प्रत्येक उमेदवारासाठी आधी लिहून ठेवावेत. रचलेली गोष्ट ओळखायलाही हेच उपयोगी पडतात. खरा प्रसंग जगलेल्या माणसाकडे न विचारलेले बारकावे असतात. कोण अडून बसलं, काय फसलं, कुठे वेळ गेला, हे त्याला सांगता येतं. घोकून आलेल्याची गोष्ट सरळ यशाकडे धावते आणि मधल्या एखाद्या दिवसाबद्दल विचारलं की तो ‘आपण नेहमी असं करतो’, ‘असं करायला पाहिजे’ या भाषेत घसरतो. अर्थात जुन्या प्रसंगातले आकडे खरा माणूसही विसरतो. एखादा आकडा आठवला नाही म्हणून त्याला खोटा ठरवू नये. तो आकडा कुठल्या रजिस्टरमध्ये असायचा आणि कोण भरायचं, एवढं त्याला सांगता येतं का, ते पाहावं.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याला आढ्यतेचं वाटतं. घरातून, शाळेतून आपल्याला ‘आम्ही’ म्हणायची सवय लागते, आणि खरोखर काम करणारी माणसंच बहुधा श्रेय वाटून टाकतात. मुलाखतकाराने पाठपुरावा केला नाही, तर बढाईखोर माणूस पुढे जातो आणि नम्र माणूस मागे राहतो. म्हणून सुरुवातीलाच मोकळेपणाने सांगावं, “टीमचं श्रेय कमी होणार नाही, पण त्यातला तुमचा वाटा मला कळायला हवा. तेवढ्यापुरतं ‘मी’ म्हणा.” एवढ्या वाक्याने अनेकांचा चेहरा सैलावतो.

असा एक प्रसंग नीट उलगडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पाऊण तासात दोन किंवा तीन प्रसंग, त्याहून जास्त नाहीत. ज्यांना वीस प्रश्नांची यादी संपवायची असते, त्यांना हे जमत नाही. अनुभव नसलेल्या नव्या पदवीधराला कारखान्यातला प्रसंग विचारून उपयोग नाही. त्याला कॉलेजचा प्रोजेक्ट, एनएसएसचं शिबिर किंवा घरचं दुकान यातला प्रसंग विचारावा, उपप्रश्न तेच राहतात. ऐकताना उमेदवाराची क्रियापदं जशीच्या तशी टिपावीत. ‘पेटीपाशी गेलो’, ‘वेळ लिहिली’, ‘टिपण दाखवलं’. ‘हुशार आहे’, ‘उत्साही वाटला’ असे शेरे टिपणात येऊ देऊ नयेत. गुण द्यायचे ते मुलाखत संपल्यावर, या टिपणावरून.

तुम्ही स्वतः मुलाखतीला जाणार असाल, तर आपल्या कामातले तीन प्रसंग निवडा आणि प्रत्येकासाठी तारीख, तुम्ही केलेल्या पहिल्या तीन गोष्टी आणि आधीचा-नंतरचा आकडा कागदावर लिहून पाहा. जिथे लिहिता येणार नाही, तिथे जुन्या नोंदी काढा, सहकाऱ्याला विचारा, आणि मगच तो प्रसंग सांगायला घ्या.