पैसे कापले गेले, पण ऑर्डर कुठे आहे?

सोलापुरातलं काळा मसाला विकणारं एखादं छोटं ऑनलाइन दुकान घ्या. दोन पाकिटं आणि कुरिअर मिळून बिल ४२० रुपये. दुकानाला रेझरपे जोडायचं आहे. खातं उघडलं की डॅशबोर्डवर टेस्ट मोड मिळतो. यालाच सँडबॉक्स म्हणतात: व्यवहार खऱ्यासारखा चालतो, पैसा मात्र हलत नाही. इथली की `rzp_test_` ने सुरू होते. तिच्या जोडीचा सीक्रेट फक्त सर्व्हरवर ठेवायचा, वेबपानात कधीच नाही.

ऑर्डरची रक्कमही सर्व्हरनेच ठरवावी, कारण ब्राउझरमधून आलेला आकडा कोणीही बदलू शकतो. ती पैशांत द्यायची, म्हणजे ४२० रुपयांसाठी `42000`. नुसतं `420` पाठवलं, तर पेमेंटच्या खिडकीत ४ रुपये २० पैसे दिसतात. म्हणून चाचणीत त्या आकड्याकडे आधी पाहावं.

नेटबँकिंग निवडलं की नकली बँकेचं पान येतं आणि व्यवहार यशस्वी करायचा की फसवायचा, हे आपण ठरवतो. यशस्वी केला, तर ब्राउझरला पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी आणि सही मिळते. सर्व्हरने आपल्याकडे नोंदलेला ऑर्डर आयडी आणि आलेला पेमेंट आयडी असे जोडायचे:

```
order_id + "|" + payment_id
```

यावर सीक्रेट वापरून एचमॅक शा-२५६ काढायचा. तो आलेल्या सहीशी जुळला, तरच पेमेंट खरं मानायचं.

बरेच जण इथेच थांबतात. माझ्या मते खरी चाचणी यापुढे आहे. बँकेत पैसे भरले आणि दुकानाच्या पानावर परतण्याआधीच ग्राहकाचं नेट गेलं, तर? त्याच्या खात्यातून ४२० रुपये गेलेले असतात आणि दुकानात ऑर्डर ‘पेमेंट बाकी’ दिसते. यासाठी वेबहुक असतो: रेझरपेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला थेट `payment.captured` असा निरोप देतो. हे तपासायला ब्राउझरकडून सही पाठवणारा कोड तात्पुरता बंद करा आणि पुन्हा पैसे भरा. तरीही ऑर्डर ‘पेमेंट झाले’ अशी बदलली पाहिजे. हा निरोप `localhost` वर पोचत नाही, त्याला इंटरनेटवरून उघडणारा पत्ता लागतो.

वेबहुकची सही वेगळ्या सीक्रेटने होते आणि ती आलेल्या मूळ मजकुरावरच तपासायची. जेसन उलगडून पुन्हा बांधला, तर एखाद्या स्पेसच्या फरकानेही ती जुळत नाही. एकच निरोप दोनदाही येऊ शकतो. त्याच्यासोबतचा `x-razorpay-event-id` नोंदवून ठेवला नाही, तर एका ऑर्डरची दोन पार्सलं निघतील.

टेस्ट मोडमधला वेबहुक लाइव्ह मोडमध्ये आपोआप येत नाही. तिथे तो नव्याने नोंदवावा, मग स्वतःच्या कार्डाने एक छोटी खरी ऑर्डर करून तिचा रिफंडही करून पाहावा.