पाइप मोजायचे ओळीने, काँक्रीट मोजायचं पोट वजा करून

गावरस्त्याखालची पाइपची मोरी हे काम इतकं किरकोळ समजलं जातं की त्याच्या अंदाजपत्रकाकडे सहसा कुणी दोनदा बघत नाही. त्यात दोनच मोठ्या रकमा असतात, सिमेंटचे पाइप आणि पाइपांखालचं काँक्रीट. या दोन्हींच्या हिशेबात एकेक गफलत हमखास होते. एकीमुळे रस्ता अरुंद होतो, दुसरीमुळे न ओतलेल्या काँक्रीटचं बिल निघतं.

एक उदाहरण घेऊ. साडेसात मीटर रुंदीचा गावरस्ता आहे, त्याला ओढा काटकोनात छेदतो आणि पाणी जायला १००० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपांच्या दोन ओळी लागणार आहेत. व्यास यापेक्षा लहान घेऊ नये असं मला वाटतं. हजाराच्या पाइपात माणूस वाकून शिरू शकतो आणि गाळ ओढून काढू शकतो. सहाशेचा पाइप एकदा काट्याकुट्यांनी भरला की तो मोकळा करायला कुणी फिरकत नाही. रस्त्याखाली एनपी-३ किंवा त्याहून भारी दर्जाचा पाइप लागतो. एनपी-२ स्वस्त पडतो, पण तो हलक्या भारासाठी असतो. हजाराच्या एनपी-३ पाइपची भिंत ११५ मिलिमीटर जाड असते, म्हणजे बाहेरचा व्यास १.२३ मीटर. अडीच मीटर लांबीचा असा एक नग सुमारे अडीच टनांचा भरतो, तेव्हा क्रेन किंवा जेसीबीशिवाय तो हलत नाही.

आता नग मोजू. रस्ता ७.५ मीटर आणि दोन्ही टोकांना ६० सेंटिमीटर जाडीच्या हेडवॉल, म्हणजे बाहेरून बाहेर ८.७ मीटर. ओळी दोन आहेत, म्हणून कुणी सरळ ८.७ ला दोनने गुणतो, येणाऱ्या १७.४ ला अडीचने भागतो आणि उत्तर ६.९६ आलं की सात पाइप लिहून मोकळा होतो. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं, जागेवर मात्र सातवा पाइप दोन ओळींत अर्धा-अर्धा वाटता येत नाही. हिशेब एका ओळीचा करायचा असतो. ८.७ भागिले अडीच म्हणजे ३.४८, तेव्हा एका ओळीला चार नग आणि दोन ओळींना आठ. जोडावर बसणाऱ्या कॉलर नगांपेक्षा एकाने कमी लागतात, ओळीला तीन, म्हणजे एकूण सहा.

चार नगांची लांबी दहा मीटर भरते. पाइप कापत बसण्यापेक्षा हेडवॉल थोड्या बाहेर सरकवाव्यात, मग भिंतींच्या मध्ये ८.८ मीटर मोकळा रस्ता मिळतो. उलटं केलं, म्हणजे ओळीला तीनच नग टाकले, तर साडेसात मीटरमधून दोन भिंती वजा होऊन ६.३ मीटर उरतात. चांगला रुंद रस्ता मोरीवर येऊन आवळल्यासारखा दिसला की ओळीतला एक पाइप वाचवला गेला आहे का, ही शंका घ्यायला हरकत नाही. ओढा तिरका जात असेल तर लांबी आणखी वाढते. काटकोनापासून तीस अंश कलला तर ८.७ चे दहा मीटरच्या किंचित वर होतात आणि चार नग काठावर अपुरे पडतात.

काँक्रीटकडे वळण्याआधी ते का घालायचं ते पाहू. गोल पाइप सपाट कडक जमिनीवर ठेवला तर तो तळाच्या एका रेषेवर टेकतो. वरून मातीचा आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचा भार आला की पाइप किंचित चपटा होऊ पाहतो आणि आतून माथ्याला व तळाला ताण येतो. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतांतले निचऱ्याचे नळ फुटायचे, त्यावरून अ‍ॅन्सन मार्स्टन यांनी १९१३ मध्ये या भाराचं गणित मांडलं. पुढे स्पँग्लर यांनी पाइपखालच्या बैठकीमुळे काय फरक पडतो ते त्यात घातलं. प्रयोगशाळेत दाबून तपासलेली पाइपची ताकद एक धरली, तर नुसत्या सपाट जमिनीवर ती जेमतेम १.१ पट मिळते. काँक्रीटच्या पाळण्यात बसवल्यावर तोच पाइप २.२ पट किंवा त्याहून जास्त भार घेतो.

पाळण्याची मापं नकाशात दिलेली असतात. आपल्या उदाहरणात पाइपखाली आतल्या व्यासाच्या पाव, म्हणजे २५ सेंटिमीटर काँक्रीट आहे, आणि बाजूंना ते बाहेरच्या व्यासाच्या पाव उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे ३१ सेंटिमीटर चढतं. दोन ओळींत निदान अर्ध्या व्यासाचं अंतर लागतं, नाहीतर मधल्या फटीत ना काँक्रीट नीट उतरतं ना माती धुमसता येते. तेव्हा दोन पाइप, मधला अर्धा मीटर आणि कडेला १५-१५ सेंटिमीटर मिळून रुंदी ३.२६ मीटर येते. उंची साधारण ५६ सेंटिमीटर. हेडवॉलला स्वतःचा पाया असतो, म्हणून लांबी दहा नव्हे, मधले ८.८ मीटरच धरायचे.

या तिन्हींचा गुणाकार १६ घनमीटर येतो, आणि इथेच दुसरी गफलत होते. त्या चौकटीत पाइपांची पोटं बुडालेली आहेत, तिथे काँक्रीट नाही. पाव उंचीपर्यंत बुडालेल्या एका पाइपचा छेद ०.२३ चौरस मीटर असतो. दोन ओळींचे ८.८ मीटर लांबीत चार घनमीटरहून थोडे जास्त होतात. खरं काँक्रीट उरतं ११.९ घनमीटर, म्हणजे सव्वाचार ब्रासच्या आसपास. एम-१५ साठी १:२:४ मिश्रण धरलं तर घनमीटरला साधारण सव्वासहा ते साडेसहा पोती सिमेंट लागतं, तेव्हा या कामाला सुमारे ७५ पोती पुरतात. पोट वजा केलं नाही तर कागदावर ती शंभर होतात. मोजमाप पुस्तकात वजावटीची ओळ आहे की नाही, एवढं पाहिलं तरी कळतं.

प्रमाण बरोबर असूनही काम फसतं ते पाइपच्या पोटाखाली. तळाचं काँक्रीट ओलं असतानाच त्यावर पाइप बसवायचा असतो. जागेवर मात्र बऱ्याचदा आधी सपाट थर टाकतात, तो दोन दिवसांत कडक होतो, मग पाइप ठेवून दोन्ही बाजूंनी माल ओततात. दिसायला पाळणा तयार होतो, पण पोटाखालच्या कोपऱ्यात माल पोचलेलाच नसतो. पाइप विटांवर किंवा ठोकळ्यांवर टेकवून काम करायचं असेल, तर एका बाजूने ओतत सळईने ढोसत राहायचं आणि माल पलीकडून वर येताना दिसेपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. कॉलरचंही असंच. कॉलर पाइपपेक्षा फुगीर असते, तिच्याखाली बैठकीत खाच ठेवली नाही तर सगळा पाइप दोन टोकांच्या कॉलरवर तोलला जातो आणि मधे अधांतरी राहतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेव्हा काँक्रीटखालची काळी माती काढून मुरुमाचा थर धुमसून घ्यावा लागतो. नाहीतर पाळणाच मधून मोडतो आणि जोड उघडतात.

वरचा भराव दोन्ही बाजूंनी बरोबरीने, पातळ थरांत चढवायचा, आणि पाइपच्या माथ्यावर निदान ६० सेंटिमीटर भराव झाल्याशिवाय त्यावरून जड वाहन जाऊ द्यायचं नाही. कित्येक पाइप उद्घाटनाआधीच, खडीचा पहिला डंपर वरून गेला तेव्हाच तडकलेले असतात. पहिल्या पावसाळ्यानंतर टॉर्च घेऊन आत डोकवावं. माथ्यावर किंवा तळाला लांबीच्या दिशेने सरळ तडा दिसला तर बैठक किंवा भराव कमी पडला असं समजावं. जोडाशी ओल, माती गळताना आणि वर रस्त्याला खळगा दिसला तर कॉलरचा मसाला गेला आहे. मसाला पुन्हा भरता येतो, पोटाखाली राहिलेली पोकळी मात्र पाइप उचलल्याशिवाय नीट भरता येत नाही.