भाड्याच्या घरात शिकवणी: करारातली एक ओळ



लेकरांच्या शाळेसाठी घाटंजी, आर्णी, राळेगावकडच्या कितीतरी जणी यवतमाळला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. भाड्याला हातभार म्हणून कुणी शिकवणी घेते, कुणी शिलाई मशीन मांडते. मग एक दिवस घरमालक म्हणतो, "घर राहायला दिलं होतं, धंद्याला नाही. खाली करा." असं त्याला म्हणता येतं का?

आधी आपला करार काढा. त्यात बहुधा एक ओळ असते: "जागा फक्त राहण्यासाठी वापरावी." ही साधी ओळ नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 108 सांगतं की, जागा ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळ्या कामासाठी भाडेकरूनं वापरू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 मध्ये, कलम 16 प्रमाणे, हेच घर खाली करून मागण्याचं एक कारण आहे.

पण वापर थोडा बदलला की लगेच घर जातं, असंही नाही. सर्वोच्च न्यायालयातले दोन निकाल ऐका. एका भाडेकरूनं सायकल-रिक्षा दुरुस्तीसाठी घेतलेल्या दुकानात काही महिने टीव्हीही विकले. 1989 मध्ये न्यायालयानं त्याला वापर बदलला असं मानलं नाही. दुसरा निकाल आपल्या महाराष्ट्रातला, 1993 चा. उसाच्या रसासाठी घेतलेल्या जागेत भाडेकरूनं कापडाचा धंदा मांडला. तिथं मात्र वापर बदलला असं ठरलं आणि जागा सोडावी लागली. म्हणजे मूळ काम चालू ठेवून जोडीला काही केलं की मूळ कामच बदललं, हा फरक महत्त्वाचा.

आता हेच घराला लावून पाहू. समजा, एक ताई नवरा आणि दोन मुलांसह दोन खोल्यांत राहते. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी टाकून आठ मुलांना शिकवते. मुलं गेली की तिथंच जेवणं होतात. इथं मुख्य वापर राहण्याचाच आहे, आणि तिची बाजू बळकट आहे. पुढच्या वर्षी मुलं तीस झाली. बाहेरच्या खोलीत बाकं आली, दारावर पाटी लागली, सकाळ-संध्याकाळ बॅचेस सुरू झाल्या, घरचे सगळे आतल्या खोलीत दाटीवाटीनं राहू लागले. आता तिची बाजू कमजोर झाली. किती मुलांपर्यंत चालेल, असा आकडा कायद्यात नाही. घर घरासारखं राहिलं का, हे पाहिलं जातं.

ताई म्हणेल, "मालकीणबाई तोंडी हो म्हणाल्या होत्या." इथंच घात होतो. लिव्ह अँड लायसन्सचा लेखी करार असेल, तर त्यात लिहिलेलंच कलम 24 नुसार निर्णायक पुरावा ठरतं. म्हणून सही करण्याआधी एक वाक्य घालून घ्या: "जागा राहण्यासाठी असून, राहणारी व्यक्ती जागेच्या एका खोलीत दहा मुलांपर्यंत शिकवणी घेऊ शकेल, त्यास मालकाची संमती आहे." शिलाई किंवा पापड-लोणच्याचं काम असेल, तर तसं लिहा. करार आधीच झाला असेल, तर हीच संमती वेगळ्या कागदावर तारखेसह सही घेऊन ठेवा. आणि करार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवावा लागतो. कलम 55 प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे.

मालक नाही म्हणतो, त्यामागे बहुधा वीजबिलाची भीती असते. मीटर त्याच्या नावावर असतं आणि घरगुती विजेवर धंदा सापडला, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. पण महावितरणच्या दरपत्रकात घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्यांना सवलत ठेवली आहे: वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि वर्षाला 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. आपल्या बिलावरचे युनिट मालकाला दाखवा, आणि चालू दरपत्रकात हे कसं आहे ते महावितरणच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या. घर सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये असेल, तर सोसायटीचीही परवानगी लागू शकते.

नोटीस आलीच, तर घाबरून सामान बांधू नका आणि न वाचता कशावर सही करू नका. करार, भाड्याच्या पावत्या, संमतीचा कागद आणि वीजबिलं घेऊन यवतमाळच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. फोन करायचा असेल, तर नंबर आहे 15100.