तांब्याच्या पट्ट्या जागा का बदलतात?

२१० मेगावॉटच्या औष्णिक संचातले जनित्र १५.७५ किलोव्होल्ट दाबाने वीज देते. ती उच्च दाबाच्या वाहिनीवर चढवायला साधारण २५० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्याचे कमी दाबाचे वाइंडिंग डेल्टात जोडलेले असते आणि प्रत्येक फेजमधून सुमारे ५,३०० अँपिअर वाहतात. चौरस मिलिमीटरला ३ अँपिअर धरले, तर १,७६० चौरस मिलिमीटर छेदाचे तांबे हवे, म्हणजे ४२ मिलिमीटर बाजूचा चौकोनी दांडा. हा दांडा वळवणे अवघड आहेच. पण वळवता आला तरी तो वापरता येणार नाही.

पहिली अडचण स्किन इफेक्टची. दांड्यातला प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे त्याचे चुंबकीय क्षेत्रही दांड्याच्या आत सतत बदलते. या बदलातून निर्माण होणारे प्रवाह मध्यभागी मूळ प्रवाहाला विरोध करतात आणि कडेला त्याला साथ देतात. गरम तांब्यात हा प्रवाह पृष्ठभागापासून साधारण १० मिलिमीटर खोलीपर्यंतच जोर धरतो. म्हणजे दांड्याचा गाभा जवळपास बिनकामाचा राहतो.

मग १० मिलिमीटर जाडीची पट्टी चालेल का? एकट्या तारेला चालली असती. पण वाइंडिंगमधली पट्टी शेजारच्या सगळ्या वेढ्यांच्या क्षेत्रात उभी असते. कमी आणि उच्च दाबाच्या वाइंडिंगमधल्या फटीतून गळती फ्लक्स वरखाली वाहतो. एवढ्या मोठ्या यंत्रात त्याची शिखर घनता ०.३ टेस्लाच्या घरात जाऊ शकते. तो पट्टीतून जाताना तिच्यातच भोवरा प्रवाह फिरवतो आणि त्यांची उष्णता पट्टीच्या जाडीच्या वर्गाने वाढते. वरचे आकडे धरून हिशेब केला, तर १० मिलिमीटरच्या पट्टीत भोवरा प्रवाहांची हानी साध्या रोधातून होणाऱ्या हानीच्या तिपटीच्या आसपास जाते. जाडी १.५ मिलिमीटर केली की हीच हानी सरासरी सात टक्क्यांवर येते.

म्हणून छेद चिरायचा. १.५ बाय ६ मिलिमीटरच्या सुमारे दोनशे पट्ट्या घ्यायच्या, प्रत्येकीला इनॅमलचा लेप द्यायचा आणि त्या समांतर जोडायच्या. पण एवढ्याने काम अर्धेच होते. पट्ट्या टोकांना एकत्र जोडाव्याच लागतात. फटीजवळच्या पट्टीला गळती फ्लक्स एका प्रमाणात छेदतो, गाभ्याकडच्या पट्टीला वेगळ्या प्रमाणात. त्यामुळे दोघींत वेगवेगळा दाब निर्माण होतो आणि टोकाच्या जोडातून त्यांच्यात प्रवाह फिरत राहतो. भोवरा मोडला, पण तोच मोठ्या घेराने परत आला.

यावर उपाय एकच: प्रत्येक पट्टीने प्रत्येक जागा सारख्या लांबीपुरती घ्यायची, म्हणजे सगळ्यांचा एकूण दाब सारखा होतो. जनित्रांच्या दांड्यांसाठी ही युक्ती लुडविग रोबेल यांनी १९१२ च्या सुमारास मांडली. ट्रान्सफॉर्मरमध्ये तिचे रूप म्हणजे कंटिन्युअसली ट्रान्सपोज्ड कंडक्टर, कारखान्यातल्या भाषेत सीटीसी. यात पट्ट्यांच्या दोन उभ्या थप्प्या शेजारी असतात. एका थप्पीची वरची पट्टी दुसरीवर सरकते, दुसरीची खालची पहिलीखाली येते आणि रहाटाच्या गाडग्यांसारख्या सगळ्या फिरत राहतात. पट्ट्यांची संख्या विषम ठेवतात, म्हणजे एका थप्पीत नेहमी एक जागा मोकळी राहते आणि वरच्या पट्टीला तिथे सरकता येते. सगळ्यावर कागद गुंडाळला की तो एकच वाहक म्हणून वळवता येतो. आपल्या उदाहरणात ३९ पट्ट्यांचे पाच सीटीसी एकावर एक ठेवून समांतर चालवले, तर छेद जमतो.

सीटीसीने फिरता प्रवाह थांबतो. पट्टीच्या आतला भोवरा मात्र कायम राहतो. वाइंडिंगच्या वरच्या आणि खालच्या टोकाला फ्लक्स वळून पट्टीच्या रुंद अंगावर आदळतो. तिथे १.५ ऐवजी ६ मिलिमीटरचा हिशेब लागतो, म्हणजे तेवढ्याच क्षेत्राला सोळापट हानी. सर्वांत तापणारी जागा बहुधा वरच्या टोकाला सापडते ती यामुळे, कारण तेलही तिथे सर्वांत गरम असते. त्यासाठीच पट्टीची रुंदीही आवरती ठेवतात. शिवाय बारीक पट्ट्यांचा जुडगा शॉर्टसर्किटच्या धक्क्यात लवतो. त्यावर एपॉक्सीचा लेप देऊन तो वाळवताना घट्ट चिकटवतात.

वळवताना इनॅमल खरचटले आणि दोन पट्ट्या चिकटल्या, तर फिरता प्रवाह पुन्हा वाट शोधतो. हे टोके ब्रेझ करण्याआधी पट्ट्या एकेक तपासूनच कळते. नंतर सगळ्या जोडलेल्याच असतात. शेवटची खूण लोड लॉस चाचणीत दिसते. मोजलेल्या हानीतून रोधाची हानी वजा केल्यावर उरणारा भाग टाकी आणि लोखंडी क्लॅम्पमधल्या हानीसह आधीच गणलेला असतो. तो गणितापेक्षा बराच जास्त आला, तर संशय वाइंडिंगवरही जातो, आणि तेव्हा ते उघडण्यापलीकडे फारसा मार्ग उरत नाही.