व्हिडिओखालचा मजकूर लिहिताना



आपल्यापैकी कित्येकांच्या घरची पोरं हल्ली गुळाचे छोटे दुकान चालवतात आणि गिऱ्हाइकाने केलेले कौतुक मोबाईलवर टिपून यूट्यूबवर टाकतात. घोटाळा होतो तो त्याखाली लिहायच्या मजकुरात. पुढचा नमुना आम्ही रचलेला आहे, पण ओळखीचा वाटेल :

“मधुमेहावर रामबाण! आपल्या गावच्या शाळेतील बाईंची शुगर आमच्या गुळाने उतरली. १०० टक्के सेंद्रिय. जिल्ह्यात नंबर एक!”

“बाई स्वतः तसं बोलल्या, मग आमचा काय दोष?” असे पोरगा विचारील. पण तिचे बोल आपण दुकानाच्या नावाखाली लावले की ती आपली जाहिरात झाली. आणि गूळ म्हणजे बहुतांशी साखरच. तो रक्तातली साखर वाढवतो, हे ऊसवाल्याला काय सांगायचे! वाचणाऱ्याने गोळी सोडून गूळ धरला तर जिवावर बेतेल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली फसव्या जाहिरातीला पहिल्याच वेळी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा हे वाक्य मजकुरातून काढावेच, आणि चित्रणातूनही कापावे. ‘सेंद्रिय’ हा शब्द दाखला हाती असल्याशिवाय लिहू नये. ‘नंबर एक’ कोणी ठरवला, याला उत्तर नाही, तेही गाळावे.

आता बाईंचा प्रश्न. नाव लिहिले नाही म्हणून भागत नाही. गाव लहान, ‘शाळेतील बाई’ म्हटले की माणूस कळला, आणि त्यांचा आजारही चारचौघांत गेला. चेहरा दिसत असेल तर नाव झाकून उपयोग नाही. म्हणून त्यांना आधीच विचारावे : चेहरा चालेल, की नुसता आवाज आणि समोर गुळाचा रवा? मग लिहिलेला मजकूर वाचून दाखवावा, होकार दोन ओळींत लेखी घ्यावा आणि पुढे नको वाटल्यास काढून टाकू, असे सांगावे. मागे बिलावरचा फोन नंबर किंवा गाडीची पाटी दिसते का, तेही पाहावे.

एवढे केल्यावर मजकूर असा होईल :

“पुरणाला चव छान येते, असे आमच्या एका नेहमीच्या ग्राहक म्हणतात. चित्रणावेळी त्यांना १ किलो गूळ भेट दिला. मत त्यांचे स्वतःचे. त्यांच्या संमतीने प्रसिद्ध. हा गूळ हायड्रॉस न घालता, भेंडीच्या पाण्याने रसाची मळी काढून केलेला आहे.”

भेटीचे वाक्य मुद्दाम वर घेतले आहे, कारण मोबाईलवर सुरुवातीचा थोडाच मजकूर दिसतो, बाकीचा दाबल्यावर उघडतो. हायड्रॉसचे वाक्य मात्र खरोखर घातले नसेल तरच लिहावे. रंग पिवळाधमक दिसला तर गिऱ्हाईक विचारणारच.