आधी वाटणी, मग मोजपट्टी

संपूर्ण डेटा एका मापात आणून मग त्याचे प्रशिक्षण आणि चाचणी असे भाग पाडले, तर माहिती गळतेच. समजा, प्रशिक्षणात 10, 20, 30, 40 आणि चाचणीत 100 आहे. 0 ते 1 या मापासाठी सगळ्यांचा कमाल आकडा धरला, तर 40 चे 0.33 होतात, चाचणीतल्या 100 ची छाया प्रशिक्षणावर आधीच पडते. फक्त प्रशिक्षणाचे किमान-कमाल घेतले, तर 100 चे 3 होतात आणि मॉडेल अनोळखी मूल्यापुढे कसे वागते ते खरेखुरे दिसते.

उत्तरे गळत नसल्याने मोठ्या, यादृच्छिक वाटलेल्या डेटात फरक बहुधा नगण्य असतो. मोजक्या नोंदी किंवा काळानुसार चढणाऱ्या किमती असतील, तर मात्र निकाल फसवा ठरू शकतो. म्हणून `fit` फक्त प्रशिक्षणावर आणि `transform` दोन्हींवर करावे. क्रॉस-व्हॅलिडेशनच्या प्रत्येक फेरीत `Pipeline` हे नव्याने करते.