कवचाचा रंग आणि आतला गाभा

सोलापूरकरांना कडक भाकरीची ओळख नव्याने करून द्यायला नको. ती पापडासारखी मोडते, कित्येक दिवस टिकते, आणि तरीही तिचा रंग फारसा तांबूस नसतो. उलट दुधात भिजवलेली दशमी तव्यावर पाहता पाहता तांबूस होते. पण ती मऊच राहते. तेव्हा रंग येणे आणि भाजून होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पाव किंवा केक भट्टीतून केव्हा काढावा, हा प्रश्नही याच भेदावर उभा आहे.

पिठात ओलावा भरपूर आहे तोवर त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. भट्टी २०० अंशांवर असली, तरी पावाचा गाभा १०० च्या आतच शिजतो. वरचा पापुद्रा मात्र सुकतो, आणि सुकल्यावर झपाट्याने तापतो. १४० अंशांच्या आसपास प्रथिनांतील अमिनो आम्ले व काही शर्करा यांचा संयोग जोराने होऊ लागतो. त्यातूनच तपकिरी रंग व खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार यांनी १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले. साधी साखर तीत थेट भाग घेत नाही. दुधातील शर्करा घेते. दशमी लवकर रंगते ती यामुळे. साखरेचा स्वतःचा रंग पालटतो तो १६० अंशांच्या पुढे.

आता दूध घातलेला, चांगला जाड थराचा केक घ्या. भट्टी फार तापलेली असेल, तर वीस मिनिटांतच माथा सुरेख तांबूस होतो. आपण फसतो, केक बाहेर काढतो, आणि मध्यभाग खाली बसतो. कारण तेथे पीठ अजून ओलेच असते. अशा वेळी माथ्यावर कागद झाकावा, आच थोडी उतरवावी आणि वाट पाहावी. मधोमध खुपसलेली काडी कोरडी निघाली, बोटाने दाबलेला भाग पुन्हा वर आला आणि कडा भांड्यापासून सुटल्या, म्हणजे केक झाला.

पावाच्या बाबतीत उलटीही फसगत होते. पीठ प्रमाणाबाहेर आंबले, तर यीस्ट त्यातील शर्करा खाऊन टाकते. मग आत पूर्ण भाजलेला पावही वरून फिकटच राहतो. रंगाच्या आशेने तो भट्टीत ठेवून दिला, तर त्याचे कवच नुसते जाड व कठीण होते. म्हणून पाव उलटा करून बुडावर बोटाने टकटक करावी. पोकळ आवाज आला, तर गाभा शिजला. दबका आला, तर पाव पुन्हा भट्टीत जाऊ द्यावा.

रंग निरुपयोगी मात्र नाही. कवच सुकले, त्याला चव आली, एवढे तो खात्रीने सांगतो. तांबूस तपकिरीपर्यंत तो हवा. काळपटपणाकडे झुकला की खमंगपणा सरून कडवटपणा येतो. गाभ्याची चौकशी मात्र काडीने आणि कानानेच करावी.